आयईएलटीएसचं स्पीकिंग वेगळ्या दिवशी आलंय? बुकिंग आणि पासपोर्टचे घोळ असे सोडवा

लेखी परीक्षा शनिवारी आणि स्पीकिंग त्याआधीच्या गुरुवारी. किंवा लेखी आटोपली, पण स्पीकिंगची तारीख पुढच्या बुधवारची. बुकिंग केल्यावर आलेला ईमेल नीट वाचला की बरेच विद्यार्थी इथे थबकतात, आणि मग मला फोन येतो: "सर, हे चुकून झालंय का?" चुकून झालेलं नसतं. आयईएलटीएसची रचनाच तशी आहे. पण या दोन तारखांमुळे जे घोळ होतात ते दर वर्षी तेच ते असतात, म्हणून ते कसे ओळखायचे आणि कसे निस्तरायचे हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी रचना समजून घेऊ. लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग हे तीन भाग सलग एकाच बैठकीत होतात. त्यांना साधारण पावणेतीन तास लागतात आणि मध्ये सुट्टी नसते. स्पीकिंग मात्र 11 ते 14 मिनिटांचं असतं आणि ते माणसासमोर होतं. एका खोलीत तीस-चाळीस जण संगणकावर एकाच वेळी पेपर सोडवू शकतात, पण एक परीक्षक एका वेळी एकाशीच बोलू शकतो. त्यामुळे स्पीकिंगच्या जागा परीक्षकांच्या वेळेवर अवलंबून राहतात. म्हणून स्पीकिंग लेखीच्याच दिवशी असू शकतं किंवा लेखीच्या आधी अथवा नंतर आठवडाभरात कधीही असू शकतं. टोफेल किंवा पीटीई दिलेल्यांना हे विचित्र वाटतं, कारण तिथे संगणकाच्या मायक्रोफोनसमोर बोलायचं असतं आणि सगळं एकाच बैठकीत संपतं.

एक गोष्ट पक्की धरून चाला. तारखा दोन असल्या तरी परीक्षा एकच आहे आणि निकालही एकच. दोन्ही दिवशी तुमची ओळख तपासली जाते, आणि दोन्ही दिवशी तोच, चालू मुदतीचा, मूळ पासपोर्ट हातात लागतो. खालचे जवळजवळ सगळे घोळ या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात.

स्लॉट निवडताना

संगणकावरच्या परीक्षेत स्पीकिंगची वेळ तुम्हालाच निवडायला मिळते. कागदी परीक्षेत ती केंद्र लावून देत असे, त्यामुळे काही वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या दादा-ताईंचा "स्पीकिंगचं ते कळवतात, तू काळजी करू नकोस" हा सल्ला आता कामाचा नाही. बुकिंग करताना आधी परीक्षेचा प्रकार, शहर आणि लेखीची तारीख निवडतो. मग स्पीकिंगच्या मोकळ्या वेळा दिसतात. घोळ इथेच होतो. आपलं लक्ष लेखीच्या तारखेवर असतं, स्पीकिंगची जी पहिली वेळ दिसते ती आपण निवडून टाकतो, आणि त्या वेळेशेजारची तारीख वेगळी आहे हे पैसे भरून झाल्यावर लक्षात येतं.

म्हणून पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर चार गोष्टी वाचा: लेखीची तारीख आणि वेळ, स्पीकिंगची तारीख आणि वेळ, लेखीचा पत्ता, स्पीकिंगचा पत्ता. पत्ते वेगळे असू शकतात. एकाच शहरातल्या एकाच केंद्राचं बुकिंग असलं तरी लेखी एका इमारतीत आणि स्पीकिंग दुसऱ्या भागात असं होऊ शकतं. पुण्यात हा फरक संध्याकाळच्या रहदारीत तास-दीड तासाचा पडतो. सकाळची लेखी आणि त्याच दुपारचं स्पीकिंग असेल, तर मधला वेळ पत्ते पाहूनच मोजा.

वेगळा दिवस घ्यावा की एकच? तुम्ही परीक्षेच्या शहरात राहत असाल तर वेगळा दिवस बरा पडतो, कारण पावणेतीन तास पडद्याकडे बघून आल्यावर लगेच बोलायला बसणं थकवणारं असतं. लांबून, म्हणजे लातूर, चिपळूण किंवा गडचिरोलीहून येणार असाल तर एकच दिवस शोधा, अगदी त्यासाठी लेखीची तारीख आठवडाभर पुढे न्यावी लागली तरी. दोनदा प्रवास म्हणजे दोनदा गाडी चुकण्याची शक्यता.

वेगळा दिवसच मिळत असेल, तर मी स्पीकिंग लेखीच्या आधी घ्यायला सांगतो. चारही भाग झाल्याशिवाय निकाल लागत नाही. लेखीनंतर सहा दिवसांनी स्पीकिंग असेल तर निकालही तेवढाच मागे जातो. विद्यापीठाची शेवटची तारीख जवळ आली असेल तर हे सहा दिवस महाग पडतात. शिवाय पासपोर्टच्या तपशिलात काही चूक असेल तर ती पहिल्याच भेटीत उघडकीस येते, आणि लेखीपर्यंत दुरुस्तीला वेळ मिळतो.

"मला स्पीकिंगचा ईमेलच आला नाही"

ही तक्रार आली की मी आधी विचारतो, नोंदणी कुणाच्या ईमेलवर झाली? बहुतेक वेळा उत्तर असतं, "क्लासवाल्यांनी करून दिली." क्लास किंवा एजंट स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकून नोंदणी करतात. मग स्पीकिंगची वेळ, पत्त्यातला बदल, परीक्षेच्या दिवशी किती वाजता पोहोचायचं, हे सगळं त्यांच्या इनबॉक्समध्ये पडतं. तिथे आणखी पन्नास जणांचे ईमेल असतात. तुमचा ईमेल त्यांनी वाचून पुढे पाठवला तर पाठवला.

यावर उपाय एकच: खातं तुमच्या ईमेलवर हवं. क्लासनं फॉर्म भरला तरी हरकत नाही, पण ईमेल आणि मोबाइल तुमचा टाका आणि पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. आधीच दुसऱ्या ईमेलवर नोंदणी झाली असेल तर त्यांच्याकडून लॉगिन मागून घ्या आणि खात्यात स्वतः जाऊन स्पीकिंगची वेळ बघा. ईमेल स्पॅममध्ये गेला असेल तरी खात्यात वेळ दिसते. केंद्राला कधीकधी स्पीकिंगची वेळ बदलावी लागते, म्हणून स्पीकिंगच्या आदल्या संध्याकाळी खातं पुन्हा एकदा उघडून बघणं ही सवयच लावून घ्या.

वेळ तुम्हालाच बदलायची असेल, म्हणजे त्याच दिवशी कॉलेजचा पेपर आला किंवा घरात लग्न निघालं, तर लगेच केंद्राला लिहा. बदलाला मुदत असते आणि शुल्क लागू शकतं. तुमच्या बुकिंगला कोणती मुदत लागू आहे हे त्याच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. मुदत उलटून गेल्यावर केंद्र मोकळी वेळ असली तर मदत करतं, पण तो त्यांचा निर्णय असतो, तुमचा हक्क नव्हे. ईमेल लिहिताना कहाणी नको. नाव, नोंदणी क्रमांक, सध्याची स्पीकिंगची तारीख-वेळ आणि तुम्हाला चालणाऱ्या दोन-तीन वेळा, एवढं पुरतं.

अलीकडे काही ठिकाणी स्पीकिंग व्हिडिओ कॉलवर होतं. याचा अर्थ घरून द्यायची परीक्षा असा घेऊ नका. केंद्रावर जायचंच असतं. तिथल्या खोलीत तुम्ही बसता, परीक्षक पडद्यावर असतो. ओळखपत्राची तपासणी केंद्रावरच होते. बाकी परीक्षा, वेळ आणि गुण देण्याची पद्धत तीच.

नाव कुठे चुकतं

महाराष्ट्रात हा घोळ सगळ्यात जास्त होतो, कारण आपली नावं तिपेडी असतात आणि प्रत्येक कागदावर वेगळ्या क्रमानं येतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर बहुधा आपलं नाव, वडिलांचं आणि शेवटी आडनाव. फॉर्म भरणारा समोर असेल तो कागद बघून भरतो. आणि मग आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव जाऊन बसतं, किंवा वडिलांचं नाव गळूनच जातं.

आयईएलटीएसला गुणपत्रिका किंवा आधारशी काही देणंघेणं नाही. भारतात भारतीय नागरिकाला ओळखपत्र म्हणून फक्त पासपोर्ट चालतो, आणि नावही पासपोर्टवर आहे तसंच भरायचं. पासपोर्टवरही नाव कसं तोडलंय याबद्दल शंका असेल, तर फोटोच्या पानाच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात त्यातली पहिली बघा. समजा आडनाव पाटील आहे, स्वतःचं नाव स्नेहल आणि वडिलांचं रमेश. ती ओळ अशी दिसेल:

```
P<INDPATIL<<SNEHAL<RAMESH<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

सुरुवातीचं `IND` हा देश झाला. त्यानंतर दोन खुणा जोडून `<<` येईपर्यंत जे आहे ते आडनाव. त्यापुढचं सगळं, एका खुणेनं तोडलेलं, हे पहिल्या नावाच्या रकान्यातलं. म्हणजे फॉर्ममध्ये आडनावाच्या जागी `PATIL` आणि पहिल्या नावाच्या जागी `SNEHAL RAMESH`, मध्ये एक जागा सोडून. वडिलांचं नाव "मिडल नेम" आहे म्हणून ते गाळायचं नाही. पासपोर्टवर ते पहिल्या नावाचाच भाग आहे.

चूक सापडली तर परीक्षेच्या दिवसाची वाट बघू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्पष्ट स्कॅन जोडून केंद्राला ईमेल करा आणि काय आहे व काय हवं ते दोन ओळींत लिहा. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालंय, नावाचा क्रम उलटा झालाय, वडिलांचं नाव राहिलंय, अशा दुरुस्त्या करून मिळतात. पण नोंदणी एका माणसाच्या नावानं आणि परीक्षेला दुसराच असं वाटण्याइतका फरक असेल, तर दारातच अडवतील.

लेखीच्या दिवशी चूक पकडण्याची आणखी एक संधी मिळते. संगणकासमोर बसल्यावर पहिल्याच पडद्यावर `Confirm your details` असं येतं आणि खाली तुमचं नाव, जन्मतारीख व उमेदवार क्रमांक दिसतो. घाईघाईत पुढचं बटण दाबलं जातं. दाबू नका. एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून बघा, आणि काही चुकलं असेल तर तिथेच हात वर करून पर्यवेक्षकाला सांगा. निकालपत्रावर हेच नाव छापून येतं. नंतर दुरुस्ती करायला गेलात तर बराच वेळ जातो आणि तोपर्यंत विद्यापीठ थांबलेलं असतं.

पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असणारे काही जण असतात. त्यांनी मनानं नाव तोडून आडनाव तयार करू नये. नोंदणी करण्याआधीच केंद्राला विचारावं की हे नाव कसं भरायचं, आणि त्यांचं लेखी उत्तर जपून ठेवावं. गोव्यातल्या ज्या मंडळींनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय त्यांनी आता हातात असलेल्या पोर्तुगीज पासपोर्टवरच नोंदणी करायची. जुना भारतीय पासपोर्ट घरात पडला असला तरी तो आता उपयोगाचा नाही.

दोन तारखांच्या मध्ये पासपोर्ट कुठे असेल?

हा भाग नीट वाचा. नावाची चूक ईमेलनं सुटते, पण पासपोर्टच हातात नसेल तर परीक्षेच्या दिवशी काहीही करता येत नाही. छायाप्रत चालत नाही, मोबाइलमधला फोटो चालत नाही, डिजिलॉकर चालत नाही, आणि "आधार आणलंय, पॅन आणलंय" यानं काही होत नाही. मुदत संपलेला पासपोर्टही चालत नाही.

लेखीच्या दिवशी सगळं सुरळीत होतं आणि मधल्या चार-पाच दिवसांत पासपोर्ट हातातून जातो, असं होण्याच्या दोन वाटा मी वारंवार बघतो.

पहिली वाट व्हिसाची. घरच्यांबरोबर युरोपची सहल ठरलेली असते आणि टूर कंपनी सगळ्यांचे पासपोर्ट व्हिसासाठी गोळा करते. आई सगळ्या कुटुंबाचे पासपोर्ट एकत्र देऊन टाकते. व्हिसा केंद्रात गेलेला पासपोर्ट मधेच एका दिवसासाठी परत मिळत नाही, निदान त्या भरवशावर राहता येत नाही. तेव्हा स्पीकिंगची तारीख घरात सगळ्यांना माहीत असू द्या, आणि तोवर पासपोर्ट कुणालाही देऊ नका.

दुसरी वाट पासपोर्ट नव्यानं काढण्याची, आणि ती जास्त फसवी आहे. संगमनेरच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगतो. नुकतं लग्न झालेलं, इंग्लंडमध्ये मास्टर्ससाठी अर्ज केलेला. पुण्यात लेखी शनिवारी आणि स्पीकिंग पुढच्या बुधवारी. सासरचं नाव पासपोर्टवर हवं म्हणून तिनं पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेतली होती ती मधल्या सोमवारची. तिचा हिशेब साधा होता: पुण्यात आहोतच, तर दोन्ही कामं उरकून घेऊ. लेखीच्या दोन दिवस आधी तिनं सहज बोलताना हे सांगितलं.

आता सोमवारी काय झालं असतं ते बघा. पासपोर्ट नव्यानं देण्यासाठी अर्ज स्वीकारला की सेवा केंद्रात जुना पासपोर्ट रद्द करतात. त्यावर रद्दचा शिक्का मारतात किंवा कोपरा कापतात, आणि तो तुमच्या हातात परत देतात. नवा पासपोर्ट नंतर पोस्टानं घरी येतो, आणि त्यासाठी पोलीस पडताळणी लागली तर आणखी वेळ जातो. म्हणजे बुधवारी तिच्या पर्समध्ये पासपोर्ट असता, पण रद्द झालेला. आणि समजा चमत्कार होऊन नवा आला असता, तरी त्यावरचा क्रमांक वेगळा, आडनाव वेगळं. नोंदणी जुन्या क्रमांकावर, शनिवारची लेखी जुन्या क्रमांकावर, आणि बुधवारी समोर तिसराच कागद. कोणत्याही बाजूनं बघितलं तरी स्पीकिंग गेलंच असतं, आणि त्यामुळे शनिवारची लेखीही वाया गेली असती.

मार्ग दोन होते. स्पीकिंग सोमवारच्या आत ओढायचं किंवा पासपोर्टची वेळ बुधवारनंतर ढकलायची. स्पीकिंगच्या मोकळ्या वेळा आधी बघितल्या, नव्हत्या. मग पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन सोमवारची वेळ पुढच्या आठवड्यात नेली. तिथे वेळ बदलण्याची सोय आहे, नवा अर्ज भरावा लागत नाही. बुधवारी ती जुन्या, चालू पासपोर्टवर स्पीकिंग देऊन आली.

पण प्रश्न इथे संपत नाही. निकालपत्रावर माहेरचं नाव आणि जुना पासपोर्ट क्रमांक येणार, आणि व्हिसाच्या अर्जावर सासरचं नाव आणि नवा क्रमांक. हे जुळवायला कागद लागतात. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो, तो पहिला दुवा. रद्द झालेला जुना पासपोर्ट हा दुसरा, तो फेकायचा नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा तिसरा. विद्यापीठाला नाव बदलल्याचं आधी कळवून ऑफर लेटर नव्या नावानं मागून घ्यायचं, म्हणजे पुढे व्हिसाच्या वेळी सगळं एका नावात येतं.

कुणाचा असा बेत असेल तर माझं स्पष्ट मत असं: नाव बदलायचंच असेल तर परीक्षेच्या नोंदणीआधी बदला, नवा पासपोर्ट हातात आल्यावरच बुकिंग करा. ते शक्य नसेल तर निकाल लागेपर्यंत जुन्या पासपोर्टला हात लावू नका. अधेमधे बदलण्यात फक्त त्रास आहे. हेच मुदत संपत आलेल्या पासपोर्टलाही लागू आहे. तो फक्त लेखीच्या दिवशी नव्हे, तर दोन्ही दिवशी चालू असला पाहिजे.

आणि नोंदणीनंतर पण परीक्षेआधी नवा पासपोर्ट आलाच असेल, तर? दोन्ही पासपोर्टचे स्कॅन जोडून केंद्राला आधी कळवा आणि नोंदणीतला क्रमांक बदलून घ्या. बदलला गेल्याचा लेखी निरोप येईपर्यंत पाठपुरावा करा. परीक्षेच्या दिवशी नवा आणि जुना, दोन्ही सोबत न्या.

दारात काय होतं

लेखीचा दिवस असो की स्पीकिंगचा, क्रम साधारण सारखाच. तुम्हाला कळवलेल्या वेळेला पोहोचायचं. ही वेळ तुमच्या प्रत्यक्ष परीक्षेच्या आधीची असते, तेव्हा ईमेलमध्ये दोन वेळा दिसल्या तर गोंधळू नका, आधीची वेळ ही तुमची. फोन बंद करून, घड्याळ, पाकीट, बॅग सगळं जमा करायचं. मग टेबलावर पासपोर्ट तपासतात, नाव, जन्मतारीख आणि क्रमांक नोंदणीशी ताडतात. तुमचा फोटो काढतात आणि बोटाचा ठसा यंत्रावर घेतात. दुसऱ्या दिवशी आलात की तुम्ही तीच व्यक्ती आहात हे आधीच्या फोटोवरून आणि ठशावरून पडताळतात.

ठशाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे विनाकारण घाबरायला होतं. बोट कापलंय, पट्टी लावली आहे, मेंदी नुकतीच काढली आहे, किंवा शेतात वा स्वयंपाकघरात काम करून त्वचा झिजली आहे, तर यंत्र ठसा पटकन घेत नाही. अशा वेळी हात धुऊन, कोरडे करून पुन्हा ठेवा, आणि तरी होत नसेल तर कर्मचाऱ्यांना कारण सांगा. ते दुसरं बोट घेतात किंवा फोटो आणि पासपोर्टवरून खातरजमा करतात. पण पहिल्या दिवशी कोणत्या बोटाचा ठसा दिला हे लक्षात ठेवा, आणि दोन तारखांच्या मधल्या दिवसांत त्या हातावर मेंदी काढायची असेल तर स्पीकिंग होईपर्यंत थांबा.

फोटोसाठी चष्मा काढायला सांगू शकतात. तो फोटो निकालपत्रावर येतो. बुरखा किंवा नकाब घालणाऱ्या मुलींची ओळख महिला कर्मचाऱ्यांकडून आडोशाला पटवून घेता येते. ते आधी किंवा आल्या आल्या सांगावं म्हणजे रांगेत अवघडल्यासारखं होत नाही. दाढी वाढली, केस कापले, वजन उतरलं म्हणून कुणी परत पाठवत नाही. पण पासपोर्टचा फोटो शाळेत असतानाचा असेल तर दोन-तीन प्रश्न जास्त विचारतील, त्यांची शांतपणे उत्तरं द्यावीत.

स्पीकिंगच्या खोलीत पासपोर्टशिवाय काही न्यायचं नाही. रेकॉर्डिंग सुरू झालं की परीक्षक स्वतःची ओळख करून देतो, तुमचं पूर्ण नाव विचारतो आणि ओळखपत्र बघायला मागतो. या सुरुवातीच्या देवाणघेवाणीला गुण नसतात. नावाला उत्तर देताना पासपोर्टवरचं पूर्ण नाव सांगा, आणि त्यानं कशी हाक मारायची विचारलं तर घरचं छोटं नाव सांगायला हरकत नाही. पासपोर्ट प्लास्टिकच्या जाड कव्हरात असेल तर बाहेर काढून ठेवा. ती झिप उघडण्याची धडपड नेमकी बोलायला सुरुवात करायच्या क्षणी येते. पासपोर्ट परत मिळाला की मगच खरी प्रश्नोत्तरं सुरू होतात.

स्पीकिंग चुकलंच, तर

एक भाग जरी दिला नाही तरी निकाल लागत नाही. लेखी कितीही चांगली गेली असली तरी तिचे वेगळे गुण मिळत नाहीत. अनेकांना वाटतं की मग फक्त स्पीकिंग पुन्हा देता येईल. एकच कौशल्य पुन्हा द्यायची सोय आहे खरी, पण ती चारही भाग पूर्ण दिलेल्यांसाठी आहे: संगणकावर परीक्षा दिली, निकाल आला, एका भागात गुण कमी पडले, तर मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत तो एक भाग पुन्हा देता येतो. गैरहजर राहिलेल्याला ती वाट मोकळी नाही. आणि ज्यांना ती मोकळी आहे त्यांनीही आपलं विद्यापीठ किंवा दूतावास असा निकाल घेतं का हे आधी विचारावं.

गैरहजेरीला गंभीर कारण असेल, म्हणजे आजारपण, दवाखान्यात दाखल व्हावं लागणं किंवा घरात मृत्यू, तर परीक्षेच्या तारखेपासून 5 दिवसांच्या आत पुराव्यासह केंद्राकडे अर्ज करायचा. आजारपण असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर ती नेमकी तारीख आली पाहिजे. "गेल्या आठवड्यात तपासलं" असं मोघम प्रमाणपत्र टिकत नाही. अर्ज मंजूर झाला तर नवी तारीख किंवा पैसे परत मिळतात. गाडी उशिरा आली, रस्त्यात अडकलो, पत्ता चुकला, पासपोर्ट घरी राहिला, ही कारणं यात बसत नाहीत. पुन्हा पूर्ण शुल्क भरून चारही भाग द्यावे लागतात.

तुमची स्पीकिंगची तारीख अजून पुढे असेल आणि वरचं काही तुम्हाला लागू होत असेल, तर केंद्राला आजच ईमेल करा, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन जोडून. ईमेलच्या विषयात नोंदणी क्रमांक आणि स्पीकिंगची तारीख टाका.